तेरा मिलिसेकंदांचा हिशेब

हार्ड डिस्ककडे एखादा डेटा मागितल्यापासून तो हातात पडेपर्यंत जो वेळ जातो त्याला ॲक्सेस टाइम म्हणतात. हा वेळ चार भागांचा बनतो. वाचणारे हेड योग्य ट्रॅकवर नेण्याचा वेळ म्हणजे सीक टाइम. ट्रॅकवर पोहोचल्यावर हवा तो सेक्टर फिरत फिरत हेडखाली येईपर्यंतची वाट म्हणजे रोटेशनल लेटन्सी. तिसरा भाग प्रत्यक्ष डेटा वाचण्याचा, म्हणजे ट्रान्सफरचा, आणि चौथा डिस्कवरच्या कंट्रोलरला मागणी समजून घेऊन ती पार पाडण्यासाठी लागणारा किरकोळ वेळ. चारही वेळांची बेरीज केली की उत्तर मिळते. मात्र बेरजेआधी चारही आकडे एकाच एककात, शक्यतो मिलिसेकंदांत, आणावे लागतात.

सीक टाइम उत्पादकाच्या माहितीपत्रकात सरासरी म्हणून दिलेला असतो. डेस्कटॉप संगणकातल्या डिस्कसाठी तो साधारण 8 ते 10 मिलिसेकंद असतो, उदाहरणासाठी 8.5 धरू. रोटेशनल लेटन्सी बहुधा स्वतः काढावी लागते. तबकडी मिनिटाला 7200 फेरे मारत असेल तर सेकंदाला 120 फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला 8.33 मिलिसेकंद लागतात. हवा तो सेक्टर कधी अगदी समोर असतो, तर कधी नुकताच निघून गेलेला असतो. म्हणून सरासरीने अर्धा फेरा धरतात, 4.17 मिलिसेकंद. परीक्षेत हे अर्धे करायचे विसरणारे विद्यार्थी पुष्कळ असतात.

ट्रान्सफरचा वेळ म्हणजे डेटाचा आकार भागिले ट्रान्सफर रेट. दर सेकंदाला 150 मेगाबाइट असेल आणि 4096 बाइट वाचायचे असतील, तर अवघे 0.03 मिलिसेकंद पुरतात. इथे दर कोणता घ्यायचा हे जपून ठरवावे. साटा जोडणीवर लिहिलेला सेकंदाला 6 गिगाबिट हा केबलचा वेग असतो. तबकडीवरून डेटा त्याहून खूपच हळू निघतो. शिवाय तो बिटमध्ये आहे, बाइटमध्ये नव्हे. कंट्रोलरसाठी 0.2 मिलिसेकंद धरले, की हिशेब असा होतो:

```
8.5 + 4.17 + 0.03 + 0.2 = 12.9 ms
```

या बेरजेतले सुमारे 12.7 मिलिसेकंद, म्हणजे जवळपास सगळा वेळ, यांत्रिक हालचालीत गेला. वाचन त्यात नावापुरते आहे. म्हणून ट्रान्सफर रेट दुप्पट केला तरी वाचतात जेमतेम 0.014 मिलिसेकंद, उलट मिनिटाला 15,000 फेरे मारणारी तबकडी लावली तर 2 मिलिसेकंदांहून जास्त वेळ वाचतो. अशा 10,000 छोट्या फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतील आणि प्रत्येकीसाठी एकच ॲक्सेस लागला, तरी 129 सेकंद जातील. तेवढाच, सुमारे 41 मेगाबाइटचा, डेटा सलग एका जागी असेल तर तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात वाचून होतो. हार्ड डिस्कवर डीफ्रॅगमेंट करण्यामागचे गणित हेच.

हा हिशेब सरासरीचा आहे, आणि सरासरी सीक टाइम थोडा दिशाभूल करणारा असतो. तो डिस्कभर कुठूनही कुठेही उडी मारावी लागेल असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात लागोपाठच्या मागण्या बऱ्याचदा जवळच्या ट्रॅकवर पडतात. सीक 2 मिलिसेकंदांवर आला तर एकूण वेळ 6.4 होतो आणि त्यातला मोठा वाटा रोटेशनल लेटन्सीचा ठरतो. ट्रान्सफर रेटही सगळीकडे सारखा नसतो. बाहेरच्या ट्रॅकवर जास्त सेक्टर मावतात, त्यामुळे तिथला वेग आतल्या ट्रॅकच्या दुपटीच्या आसपास असू शकतो.

मोजलेला वेळ हिशेबाशी जुळला नाही, तर फरकावरून कारण ओळखता येते. मिलिसेकंदाहूनही कमी वेळात उत्तर आले, तर डेटा बहुधा तबकडीवरून आलेलाच नाही, कॅशमधून आला आहे. एकच जागा पुन्हा पुन्हा वाचताना वेळ 8.33 मिलिसेकंदांच्या पटीत वाढत असेल, म्हणजे 13 ऐवजी 21, 30 असा, तर संशय सेक्टरवर घ्यावा. वाचन फसले की तो सेक्टर परत हेडखाली येण्यासाठी पूर्ण फेरा थांबावे लागते. आणि अनेक प्रोग्राम एकाच वेळी डिस्क मागत असतील, तर रांगेत थांबण्याचा वेळ वरच्या सूत्रात कुठेच नाही. तो वेगळा मोजावा लागतो.

1956 साली आलेल्या आयबीएमच्या रामॅक संगणकाची डिस्क मिनिटाला 1200 फेरे मारत असे आणि तिचा सरासरी ॲक्सेस टाइम सुमारे 600 मिलिसेकंद होता. त्यात अर्ध्या फेऱ्याचा वाटा फक्त 25 मिलिसेकंदांचा. बाकी बहुतेक सगळा वेळ हेड एका तबकडीवरून दुसरीवर नेण्यात जाई. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये ना हेड आहे ना तबकडी, त्यामुळे सूत्रातली पहिली दोन पदे तिथे लागूच होत नाहीत.