प्रत्येक मोड मूळव्याधीचा नसतो

शौचाला रक्त पडले, गुदद्वाराशी मोड लागला, की बहुतेक जण मूळव्याध समजून मलम लावतात. बायकांना योनीमुखाशी खाज सुटली, पांढरा चट्टा उठला, तर तो नायटा समजला जातो. यातल्या थोड्यांच्या मुळाशी एचपीव्ही विषाणूमुळे होणारा कर्करोग असतो. मूळव्याधीचा मोड सहसा मऊ, तर कर्करोगाची गाठ टणक लागते. डॉक्टरांनी बोटाने तपासले की हा फरक जाणवतो, पण लाजेपोटी नेमकी तीच तपासणी राहून जाते. खात्री मात्र तुकडा काढून तपासल्यावरच होते.

पूर्वी गुदद्वार काढून पोटावर कायमची पिशवी लावत. १९७४ साली डेट्रॉइटच्या डॉ. नॉर्मन नायग्रो यांनी शस्त्रक्रियेआधी केमो आणि रेडिएशन एकत्र दिले, तेव्हा काहींची गाठ त्यानेच विरघळली. आज गुदद्वाराच्या कर्करोगात हाच पहिला उपचार आहे. योनीमुखाच्या कर्करोगात आधी शस्त्रक्रिया होते. गाठ पसरलेली असल्यास ही जोडी वापरतात.

रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालते. त्यामुळे इगतपुरीच्या रुग्णाला नाशिक किंवा मुंबईत मुक्कामाची सोय आधीच करावी लागते. तिथली कातडी भाजल्यासारखी सोलवटते, पण मधेच खंड पडू नये. गाठ पूर्ण जायला सहा महिनेही लागतात; तोवर ती कमी होत असेल, तर शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत.