एकाच वाफेची दोन कामे

गळिताचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याची धुराडी धूर ओकू लागतात. त्या धुराड्यांखालच्या बॉयलरमध्ये काय जळत असते, ठाऊक आहे? रस काढून उरलेले उसाचे चिपाड! कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. 100 टन उसातून सुमारे 28 ते 30 टन बगॅस निघते. ते जाळून महाराष्ट्रातले अनेक कारखाने साखरेबरोबर वीजही तयार करतात आणि स्वतःची गरज भागवून उरलेली विकतात. पण साखर करणाऱ्याने वीज कशाला करावी? ते काम वीजवाल्यांवर का सोपवू नये? याचे उत्तर वाफेच्या जमाखर्चात आहे.

आधी दोन्ही कामे वेगवेगळी करून पाहू. रस आटवण्यासाठी फार जोरदार वाफ लागत नाही. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे अडीच पट दाबाची, 127 अंश सेल्सिअस तापमानाची वाफ पुरते. 100 अंशांवरच्या 1 किलोग्रॅम पाण्यापासून अशी वाफ करण्यास सुमारे 550 किलोकॅलरी उष्णता लागते. त्यातला बहुतेक भाग म्हणजे तुम्ही शाळेत शिकलेली अप्रकट उष्णता. रसाच्या भांड्याभोवती वाफेचे पाणी होते, तेव्हा ती रसाला मिळते.

आता केवळ वीज करणारे केंद्र घ्या. तेथे वाफ टर्बाइन फिरवून बाहेर पडते, तेव्हाही तिच्यात अप्रकट उष्णता असतेच. पण तिचा तेथे उपयोग नाही. थंड पाण्याने त्या वाफेचे पाणी करतात आणि ती उष्णता हवेत सोडून देतात. म्हणून वाफेला दिलेल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. 170 किलोकॅलरींइतकी वीज हवी असेल, तर सुमारे 510 किलोकॅलरी खर्च कराव्या लागतात.

म्हणजे दोन कारखान्यांचा मिळून खर्च झाला 550 अधिक 510, एकूण 1060 किलोकॅलरी.

आता दोन्ही कामे एकाच छपराखाली आणू. त्याच 1 किलोग्रॅम पाण्याची वाफ या वेळी वातावरणाच्या सुमारे 87 पट दाबाची आणि 515 अंश तापमानाची करू. त्यास सुमारे 720 किलोकॅलरी लागतात. ही वाफ टर्बाइन फिरवून अडीच पट दाबाला बाहेर पडते, तोवर सुमारे 170 किलोकॅलरींचे काम झालेले असते. आणि बाहेर आलेली वाफ? ती रस आटवायला हवी होती नेमकी तशीच असते! तिच्यातल्या 550 किलोकॅलरी आता वाया जात नाहीत, रसाच्या कामी येतात. तेवढीच साखर, तेवढीच वीज, पण खर्च 1060 ऐवजी 720. जवळजवळ एक तृतीयांश उष्णता वाचली. (बॉयलरमध्ये वाया जाणारी उष्णता सगळीकडेच असते, म्हणून ती या हिशेबात धरलेली नाही.)

दोन वस्तू एकत्र करण्याचा खर्च त्या वेगवेगळ्या करण्याच्या एकूण खर्चापेक्षा कमी येतो, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ त्याला 'व्याप्तीची बचत' म्हणतात. जॉन पान्झार आणि रॉबर्ट विलिग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी ही कल्पना काटेकोरपणे मांडली. त्यांचा या नावाचा लेख 1981 साली प्रसिद्ध झाला. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची बचत वेगळी. तिच्यात एकच वस्तू जास्त केली की दर नगामागे खर्च घटतो. येथे साखर एक पोतेही वाढलेली नाही. बचत झाली ती वाफ दोघांत वाटून घेतल्यामुळे.

मग दोन शेजारी कंपन्यांनी वाफेची देवघेव केली तर? करता येईल, पण अवघड आहे. वाफ पोत्यात भरून ठेवता येत नाही, लांबही नेता येत नाही. पावसाने ऊसतोड थांबली की साखरवाल्याला वाफ नको, आणि वीजवाल्याला तर ती कोठेतरी घालवायलाच हवी. नुकसान कोणी सोसायचे, यावर रोज वाद होईल. एकच मालक असला की तो प्रश्न घरातल्या घरात सुटतो.

या बचतीला मर्यादाही आहे. गळीत साधारण चार-पाच महिने चालते. ते संपल्यावर साठवलेले बगॅस जाळून वीज करता येते, पण टर्बाइनमधून आलेली वाफ घ्यायला रस नसतो. तिची उष्णता पुन्हा हवेतच जाते. त्या महिन्यांत हा कारखाना इतर वीजकेंद्रांसारखाच, वाफेच्या बाबतीत कसलाही फायदा नसलेला! आणि उद्या याच कारखान्याने सायकली करायला घेतल्या, तर सायकलींना ना ही वाफ लागेल, ना बगॅस.

तेव्हा एखादी कंपनी दोन वस्तू करताना दिसली, की एवढेच शोधा: एका वस्तूसाठी खर्च केलेली अशी कोणती गोष्ट आहे, की जी दुसरीला जवळजवळ फुकट मिळते? ती सापडली नाही, तर तेथे व्याप्तीची बचत नाही.