मेलबर्नमध्ये भारतीय किती?

मेलबर्नमध्ये भारतीय वंशाचे लोक किती, हे शोधताना बहुतेक जण जन्मदेशाचा तक्ता उघडतात आणि तिथेच थांबतात. 2021च्या ऑस्ट्रेलियन जनगणनेत ग्रेटर मेलबर्नमध्ये भारतात जन्मलेले सुमारे 2 लाख 42 हजार लोक होते, म्हणजे 49 लाखांच्या महानगरात जवळपास 5 टक्के. (तक्ता निवडताना ‘सिटी ऑफ मेलबर्न’ घेतलं तर फसगत ठरलेली. ती मध्यवर्ती नगरपालिका आहे, 2021मध्ये वस्ती दीड लाखाची. भारतीयांचा मोठा भरणा टार्नेट, क्रेगीबर्नसारख्या कडेच्या उपनगरांत.)

या आकड्यात तिथेच जन्मलेली मुलं नाहीत. गिरमिटिया म्हणून फिजीला गेलेल्यांचे वंशज नाहीत. त्यांचा जन्मदेश फिजी. उलट, ब्रिटिश अमलात इथे जन्मलेली इंग्रजांची मुलं मात्र त्यात आहेत.

म्हणून वंशाचा तक्ता लागतो, आणि खरी गुंतागुंत तिथे आहे. जनगणनेच्या अर्जात प्रत्येकाला वंशाची दोन उत्तरं देता येतात. ‘इंडियन’ हा एक गट. पंजाबी, गुजराती, बंगाली, मल्याळी, शीख, फिजियन इंडियन हे वेगळे गट. फक्त ‘इंडियन’ पाहिलं तर नुसतं ‘पंजाबी’ लिहिणारा सुटतो. सगळे गट बेरजेला घेतले तर दोन्ही लिहिणारा दोनदा मोजला जातो. समजा, एका उपनगरात 1000 जणांनी इंडियन लिहिलं, 300 जणांनी पंजाबी, आणि त्यातल्या 120 जणांनी दोन्ही. मग माणसं 1300 नव्हेत, 1180.

हे 120 छापील तक्त्यात सापडत नाहीत. त्यासाठी सांख्यिकी कार्यालयाच्या ‘टेबलबिल्डर’मध्ये पहिलं उत्तर (ANC1P) आडवं आणि दुसरं (ANC2P) उभं मांडून दोन्ही जिथे छेदतात ते चौकोन पाहायचे. त्यावर जन्मदेशाची चाळणी लावायची, कारण बंगाली लिहिणारा ढाक्याचा असू शकतो आणि पंजाबी लिहिणारा लाहोरचा. भारतात जन्मूनही यांपैकी काहीच न लिहिलेले शेवटी वेगळे मिळवायचे. इंग्रजांची ती मुलं इथेच गाळता येतात. लहान चौकोनांतले आकडे गोपनीयतेसाठी मुद्दाम किंचित हलवलेले असतात, त्यामुळे बेरीज दोन-चारांनी चुकली तर डोकं खाजवू नये.

तरी एक गट निसटतोच: तिथे जन्मलेली आणि वंशाच्या रकान्यात फक्त ‘ऑस्ट्रेलियन’ असलेली मुलं. ती आई-वडिलांच्या जन्मदेशावरून शोधता येतात, पण तिसऱ्या पिढीत तो धागाही तुटतो. शिवाय ही जनगणना ऑगस्ट 2021ची, सीमा बंद असतानाची. परदेशी विद्यार्थी तेव्हा कमी होते. माझ्या मते उत्तर एका आकड्यात न देता दोन आकड्यांत द्यावं: वंश लिहिलेले किती, आणि आई-वडिलांवरून धरलेले मिळवून किती.