उलटं पडलेलं पान

काळा झगा पांघरलेला माणूस मान खाली घालून उभा आहे. पुढ्यात तीन पेले लवंडलेत. मागे दोन शाबूत आहेत, पण तिकडे त्याचं लक्ष नाही. टॅरोमधलं हे ‘फाइव्ह ऑफ कप्स’. सरळ आलं तर गमावल्याचं दुःख. पण डोकं खाली, पाय वर असं आलं तर?

या प्रश्नाला जुना इतिहास आहे. १७७० साली पॅरिसमध्ये ‘एत्तेया’ या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थाने साध्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पुस्तक काढलं आणि त्यात पत्त्यांचे सरळ नि उलटे अर्थ वेगवेगळे दिले. पुढे टॅरोलाही त्याने तीच रीत लावली. गंमत म्हणजे त्याचं खरं आडनाव आलिएत. त्याची अक्षरं त्याने उलट्या क्रमाने लिहिली होती!

पानं उलटी होतात ती पिसण्यामुळे. सगळी पानं एकाच दिशेने ठेवून नुसती पिसली, तर एकही उलटणार नाही. म्हणून काही जण जोडाचे दोन भाग करतात, एक भाग फिरवून पुन्हा मिसळतात. उघडतानाही सांभाळावं लागतं. पुस्तकाच्या पानासारखं बाजूने उलगडलं तर दिशा टिकते; खालची कड धरून वर पालटलं तर सरळ पानही उलटं दिसतं.

आता नोकरी गेलेल्या माणसासाठी हेच पान उलटं आलं असं समजू. एक वाचक म्हणेल, दुःख ओसरतंय, मागचे दोन पेले आता दिसू लागलेत. दुसरा म्हणेल, दुःख आहेच, पण आत कोंडलंय; घरात कुणाला सांगितलेलं नाही. तिसऱ्याच्या मते शोक संपायला हवा होता, पण तो अडकून पडलाय. चौथा पान सरळ फिरवून ठेवेल. त्याच्या दृष्टीने ७८ पानांत बरंवाईट सगळं आधीच आहे, आणि पानाचा जोर शेजारच्या पानांवरून ठरतो. मेरी ग्रीर या अमेरिकन लेखिकेने २००२ साली केवळ उलट्या पानांवर अख्खं पुस्तक लिहिलं.

उलटं म्हणजे विरुद्ध, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा नियम. आज सर्वाधिक चालणारा जोड १९०९ साली लंडनमध्ये निघाला. पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या या जोडाचे कर्ते आर्थर वेट यांनाही तो नियम सगळीकडे लावता आला नाही. त्यांच्या मते ‘सन’ उलटा आला तरी सुखच, फक्त थोडं कमी. ‘फोर ऑफ वाँड्स’चा अर्थ तर बदलतच नाही.

एकाच पानातून इतके अर्थ निघतात, यावर चिकित्सक बोट ठेवणारच. कोणतंही उत्तर मागाहून जुळवता येतं, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच काटेकोर वाचक उलटी पानं कशी वाचणार, हे पिसण्याआधीच ठरवून ठेवतात.