सोलरचं ब्रोशर: ग्राहकाने स्वतःचं बिल समोर ठेवून तपासावा असा हिशोब

घरगुती रूफटॉप सोलरच्या व्यवसायात उतरताय, तर ब्रोशर छापण्याआधी एक हिशोब माझ्यासोबत करा. 'तीन किलोवॉट बसवा, दोन वर्षांत पैसे वसूल' असं वाक्य तुम्ही बऱ्याच ब्रोशरवर वाचलं असेल. ही दोन वर्षं येतात कुठून, ते आधी बघू.

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांमध्ये असतं. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढची आणखी महाग. सोलरमुळे बिलातली युनिट कमी होतात तेव्हा आधी वरची महाग युनिट जातात, मग खालची स्वस्त. म्हणजे वाचलेल्या प्रत्येक युनिटची किंमत सारखी नसते. चुकीचं ब्रोशर मात्र सगळ्या युनिटला महाग दर लावतं.

एक घर घेऊ. महिन्याचा सरासरी वापर २५० युनिट. हिशोब सोपा राहावा म्हणून सगळे आकार धरून पहिल्या १०० युनिटला ७ रुपये आणि पुढच्या युनिटला १३ रुपये दर मानू. युनिटचं बिल होतं ७०० अधिक १,९५०, म्हणजे २,६५० रुपये. स्थिर आकार यात धरलेला नाही, कारण तो सोलर बसवल्यावरही भरावाच लागतो.

आता एका किलोवॉटमागे वर्षाला १,३५० युनिट धरा. दोन किलोवॉटची २,७०० युनिट झाली, म्हणजे महिन्याला सरासरी २२५. यातली १५० युनिट १३ रुपयांची आणि ७५ युनिट ७ रुपयांची. महिन्याची बचत २,४७५ रुपये, वर्षाची २९,७००. पॅनल धुणं आणि देखभालीचे २,००० वजा केले की उरले २७,७००.

समजा, तुमचा भाव १,३०,००० रुपये आहे. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला ६०,००० रुपये अनुदान मिळतं. ग्राहकाच्या खिशातून शेवटी गेले ७०,०००. भागिले २७,७००, म्हणजे साधारण अडीच वर्षं.

मग याच घराला तीन किलोवॉट विकले तर? भाव १,८०,००० धरू. अनुदान ७८,०००, निव्वळ खर्च १,०२,०००. निर्मिती ४,०५० युनिट, पण घराचा वर्षाचा वापर ३,०००च. उरलेली १,०५० युनिट आर्थिक वर्षाच्या शेवटी कमी दराने घेतली जातात. तो दर ३ रुपये मानला, तर ३,१५० रुपये मिळतील. वर्षाच्या बिलातले ३१,८०० त्यात मिळवा, देखभाल वजा करा, हाती ३२,९५०. परतफेड तीन वर्षांपेक्षा थोडी जास्त. आणि ब्रोशरवाले? ४,०५० गुणिले १३ करतात, ५२,६५० बचत दाखवतात आणि 'दोन वर्षांच्या आत' लिहितात.

यातली खरी गोष्ट पुढे आहे. तिसऱ्या किलोवॉटसाठी या ग्राहकाने ३२,००० रुपये जास्त घातले आणि वर्षाला फक्त ५,२५० जास्त मिळवले. त्या एका किलोवॉटची परतफेड सहा वर्षांची! घरात लवकरच एसी येणार असेल, वापर वाढणार असेल, तर तीन ठीक. नाहीतर दोनच विका आणि का ते ब्रोशरमध्ये सांगा.

म्हणून ब्रोशरच्या मागच्या पानावर तयार आकडा छापू नका. रिकाम्या चौकटी द्या:

१. बिलावरून गेल्या १२ महिन्यांची एकूण युनिट: ____
२. बिलावरचा प्रत्येक टप्प्याचा दर, सगळे आकार धरून: ____
३. सोलरची वर्षाची युनिट (किलोवॉट × १,३५०): ____
४. वाचलेली युनिट, महाग टप्प्यापासून खाली, टप्प्याच्या दराने: ____
५. जास्तीची युनिट, कमी दराने: ____
६. देखभाल वजा करून वर्षाची बचत: ____
७. निव्वळ खर्च ÷ वर्षाची बचत: ____ वर्षं

खाली तीन ओळी ठळक लिहा. एक, अनुदान यंत्रणा चालू झाल्यानंतर ग्राहकाच्या खात्यात जमा होतं, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय लागते. दोन, पावसाळ्यात निर्मिती घटते आणि सावली असेल तर १,३५० चा आकडा खाली येतो, म्हणून छत बघितल्याशिवाय तो पक्का धरू नये. तीन, दर कोणत्या महिन्याच्या बिलातले आहेत. दर बदलले की ब्रोशरही बदला.

१,३५० वर ग्राहकाने शंका घेतली तर वाद घालू नका. वर्ष पूर्ण झालेल्या तुमच्या एखाद्या जुन्या ग्राहकाची परवानगी घेऊन त्याच्या इन्व्हर्टरच्या ॲपमधली वर्षाची युनिट दाखवा, किलोवॉटने भागा. आकडा १,२५० आला तर चौकटीत तोच छापा.

छापायला देण्याआधी हे पान एखाद्या नातेवाईकाच्या हातात त्याच्या बिलासकट द्या आणि तुम्ही गप्प बसा. तुमच्या मदतीशिवाय त्याचं उत्तर तुमच्या उत्तराशी जुळलं, तरच प्रेसमध्ये पाठवा.