छंदाचा प्रश्न आणि गिर्यारोहणाचे उत्तर

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 275 गुणांच्या व्यक्तिमत्त्व चाचणीत, म्हणजे मुलाखतीत, उमेदवाराने सविस्तर अर्जात लिहिलेल्या छंदांवरही प्रश्न विचारले जातात. ‘ट्रेकिंग आवडते’ या उत्तरातून केवळ आवड कळते; मात्र हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर आठ जणांचे पाणी मोजून घेतले, परतीची वेळ आधीच ठरवली आणि पाऊस येताच, काहींचा विरोध पत्करून, गट माघारी वळवला, असे सांगितल्यास नियोजन व निर्णयक्षमता, हे शब्द न उच्चारताही, मंडळासमोर येतात. (ते उच्चारणे बहुधा नडतेच.) छंद उसना असल्यास ‘माघारीचा निर्णय कशावरून घेतला?’ या उपप्रश्नालाच उत्तर मोघम होऊ लागते.