सातशे किलोमीटरवरून पिकाचा ताप

पावसाने वीस दिवस खंड दिला की मराठवाड्यातल्या सोयाबीनचं पान दुपारी हाताला गरम लागतं. एरवी पीक मुळांतून पाणी ओढतं आणि पानांच्या छिद्रांवाटे वाफ सोडतं, म्हणून ते गार राहतं. ओल संपली की छिद्रं मिटतात आणि पान तापतं. ते पिवळं पडायला अजून अवकाश असतो, पण ताप आधी चढतो. तोच ७०५ किलोमीटर उंचीवरून लँडसॅट-८ मोजतो.

या उपग्रहाचा दहावा पट्टा जमिनीतून निघणारी उष्णतेची किरणं टिपतो. मात्र चित्रातल्या ठिपक्यात तापमान नसतं, नुसता आकडा असतो. समजा, एका शेतावर तो ३२००० आहे. त्याला ०.०००३३४२ ने गुणून ०.१ मिळवले की किरणांची तीव्रता येते, १०.७९. पुढचं सूत्र असं:

```
T = 1321.0789 / ln(774.8853 / L + 1)
```

L च्या जागी १०.७९ घातले की उत्तर येतं ३०८.१ केल्व्हिन, म्हणजे सुमारे ३५ अंश सेल्सिअस.

इथे थांबलं तर चुकतं. हे तापमान जमीन आदर्श उत्सर्जक आहे असं धरून काढलेलं असतं. प्रत्यक्षात ती तेवढी उष्णता सोडत नाही. विरळ पिकाची उत्सर्जनक्षमता ०.९७ धरली तर खरं तापमान ३७.२ अंश निघतं. दाट पीक समजून ०.९८५ धरली तर ३६.१. एका अंदाजावर एक अंशाचा फरक! म्हणून ही क्षमता हिरवेपणाच्या निर्देशांकावरून, ठिपक्यागणिक ठरवतात. पावसाळी हवेतली वाफही किरणं अडवते. तिची दुरुस्ती केली नाही तर शेत आहे त्यापेक्षा गार दिसतं. विरळ ढग आडवा आला तर आणखीच गार.

पण ३७ अंश म्हणजे दुष्काळ का? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्याच जागी, त्याच पंधरवड्यात, २०१३ पासूनच्या चित्रांत सर्वांत कमी २८ आणि सर्वांत जास्त ३९ दिसले असं धरू. ३९ मधून ३७.२ वजा केले, उरलेल्या १.८ ला ११ ने भागलं, की सुमारे १६ टक्के येतात. शंभर म्हणजे पीक निवांत, शून्य म्हणजे होरपळ. चाळिसाखाली ताण मानण्याचा प्रघात आहे, तेव्हा सोळा हा गंभीर ताण झाला.

मूळ ठिपका शंभर मीटरचा, म्हणजे अडीच एकरांचा. त्यात बांध, रस्ता, शेजाऱ्याचा ऊस सगळंच येतं, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याच्या तुकड्याचा निवाडा यावरून करू नये, गावाचा करावा. उपग्रह येतो तोही सकाळी साडेदहाच्या सुमारास, ताण शिगेला पोचण्याआधी.

सगळ्यात फसवा महिना ऑक्टोबर. सोयाबीन कापून नेलं की उघडी काळी जमीन तापते आणि नकाशात लालभडक दिसते, नेमकी दुष्काळासारखी. अशा वेळी हिरवेपणाची जुनी चित्रं काढून बघावीत. ताणाने हिरवेपणा आठवड्यांमागून आठवडे ओसरतो; कापणीने तो एका चित्रातून पुढच्या चित्रात एकदम खाली येतो.